घड्याळाची थरथर आणि आकड्यांतली खरखर

समजा, कोणी आपल्याला सांगितले की, दुपारी बरोबर बारा वाजता बैलगाडी रस्त्यावर नेमकी कुठे होती ते टिपून ठेवा. आपले घड्याळ एका सेकंदाने मागेपुढे आहे. काय बिघडते? बैलगाडी सेकंदाला सुमारे एक मीटर जाते, तेव्हा टिपणात एका मीटरची चूक होईल. हेच काम ताशी ९० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मेलगाडीच्या बाबतीत सांगितले, तर तेच घड्याळ आपल्याला २५ मीटरांनी फसवते. आणि गाडी स्टेशनात उभी असेल, तर घड्याळ पाच मिनिटे चुकले तरी टिपण बरोबरच येते. घड्याळातला दोष तोच. पण त्याचा दंड किती भरायचा, हे गाडीचा वेग ठरवतो.

आजचा विषय याच हिशेबाचा आहे. गाडीच्या जागी विजेचा सिग्नल ठेवायचा, आणि सेकंदाच्या जागी सेकंदाच्या एक लक्ष-कोटीव्या हिश्शाइतका काळ, ज्याला पिकोसेकंद म्हणतात. एका पिकोसेकंदात प्रकाशसुद्धा फक्त ०.३ मिलिमीटर पुढे सरकतो. इतक्या लहान चुकीने कोणाचे काय अडते, असे वाटणे साहजिक आहे. कुठे अडते ते आता पाहू. वाचणाऱ्याला ऐकणाऱ्यापेक्षा एक सोय जास्त असते, कागद-पेन्सिल जवळ घेता येते. ती जरूर घ्यावी.

सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारे जे यंत्र, त्याला आपण नुसते कन्व्हर्टर म्हणू. त्याच्या तोंडाशी एक इलेक्ट्रॉनिक स्विच आणि एक लहानसा कपॅसिटर असतो. स्विच बंद असतो तोवर कपॅसिटरवरचा दाब सिग्नलच्या मागोमाग वरखाली होत राहतो. क्लॉकचा इशारा येताच स्विच उघडतो, आणि त्या क्षणी जो दाब असेल तो कपॅसिटरवर अडकून राहतो. मग मागची यंत्रणा सवडीने तो मोजते आणि आकडा बाहेर देते. मोजणी कितीही काटेकोर असो, ती त्या अडकलेल्या दाबाची मोजणी असते. स्विच थोडा आधी किंवा थोडा उशिरा उघडला तर दाबच वेगळा अडकतो, आणि पुढची यंत्रणा त्या चुकीच्या दाबाचा अगदी अचूक आकडा देते. ही चूक पुढे कोणाच्याही ध्यानात येत नाही, कारण आकड्यावर त्याची वेळ लिहिलेली नसते. तो ठरल्या ठेक्यावरच घेतला आहे असे सगळे धरून चालतात.

ठेका असा बेभरवशाने पुढेमागे होणे यालाच इंजिनिअर लोक जिटर म्हणतात. आपण थरथर म्हणू. क्लॉक सरासरीने हळू किंवा जलद चालणे ही निराळी गोष्ट आहे. इथे सरासरी बिनचूक आहे. प्रत्येक ठोका मात्र आपल्या जागेच्या अलीकडे-पलीकडे पडतो. किती पडतो, ते आर.एम.एस. मापाने सांगतात: प्रत्येक चुकीचा वर्ग करायचा, वर्गांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे.

आता पेन्सिल उचला. एक व्होल्ट उंचीची साधी तरंगरेषा काढा, म्हणजे मध्यरेषेच्या वर एक व्होल्ट आणि खाली एक व्होल्ट. ही रेषा माथ्यावर असते तेव्हा क्षणभर सपाट असते. तिथे गाडी स्टेशनात उभी आहे. मध्यरेषा ओलांडताना मात्र ती सर्वांत जास्त चढावर असते. तो चढ उंची गुणिले 2πf इतका येतो. F म्हणजे सिग्नलची कंपनसंख्या. कंपनसंख्या १ मेगाहर्ट्झ धरली, तर एका पिकोसेकंदात दाब सुमारे ६.३ मायक्रोव्होल्टने बदलतो. १०० मेगाहर्ट्झ धरली, तर तेवढ्याच वेळात ०.६३ मिलिव्होल्टने. कन्व्हर्टर १४ बिटांचा असेल, तर त्याच्या २ व्होल्टच्या पट्ट्यावर १६,३८४ पायऱ्या असतात आणि एक पायरी ०.१२ मिलिव्होल्टची पडते. म्हणजे १ मेगाहर्ट्झला एका पिकोसेकंदाची चूक पायरीचा विसावा हिस्सा आहे, कोणाच्या खिजगणतीतही नाही. १०० मेगाहर्ट्झला तीच चूक पाच पायऱ्यांची होते. १४ बिटांचे पैसे मोजून आणलेल्या यंत्राचे शेवटचे दोन-तीन बिट असे वाया जातात.

सगळ्या रेषेवरची चूक एकत्र धरली, तर हिशेब फार सुटसुटीत होतो. चुकीचे आर.एम.एस. माप म्हणजे चढाचे आर.एम.एस. माप गुणिले वेळेच्या चुकीचे माप. सिग्नलची उंची दोन्हीकडे सारखीच येते, ती छेद जाते, आणि उरते ते एवढेच:

SNR = −20 log10(2π f t)

SNR म्हणजे सिग्नल आणि खरखर यांचे डेसिबलमधले गुणोत्तर, आणि t म्हणजे थरथरीचे आर.एम.एस. माप. या सूत्रात कन्व्हर्टर किती बिटांचा आहे हे कुठेच नाही. सेकंदाला किती नमुने घेता, हेही नाही. एक पिकोसेकंदाची थरथर असेल, तर १ मेगाहर्ट्झला १०४ डेसिबल मिळतात, १० मेगाहर्ट्झला ८४ आणि १०० मेगाहर्ट्झला ६४. कंपनसंख्या दहापट झाली की वीस डेसिबल गेले. दुप्पट झाली की सहा गेले, म्हणजे एक बिट गेला. १४ बिटांच्या निर्दोष कन्व्हर्टरकडून ८६ डेसिबलची अपेक्षा असते. तेव्हा एका पिकोसेकंदाच्या क्लॉकवर ती अपेक्षा ८ मेगाहर्ट्झच्या आसपासच संपते.

हा प्रश्न पूर्वी का जाणवला नाही, तेही यातून उमगते. अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनिअरने १९३८ साली पॅरिसमध्ये काम करत असताना बोलण्याचा आवाज आकड्यांच्या रूपाने पाठवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. टेलिफोनवरचा आवाज तेव्हा ३,४०० हर्ट्झच्या वर जात नसे. तिथे क्लॉकची थरथर एक हजार पिकोसेकंद असली, तरी सूत्र ९३ डेसिबल देते. बैलगाडीच ती! प्रश्न उभा राहिला तो मेलगाडीचे नमुने घ्यायची वेळ आली तेव्हा, म्हणजे रेडिओची लहर ॲंटेनावरून थेट कन्व्हर्टरला देऊन पुढचे सारे काम आकड्यांवर करणारे रिसीव्हर आले तेव्हा.

असाच एक रिसीव्हर उदाहरणासाठी घेऊ. विमानातले वैमानिक आणि जमिनीवरचे नियंत्रक ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांशी बोलतात; संकटात सापडलेल्या विमानासाठी राखलेली १२१.५ मेगाहर्ट्झची लहर याच पट्ट्यात आहे. या पट्ट्याला जवळजवळ लागून, ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये, एफ.एम. प्रसारणाची ठाणी आहेत. आपला रिसीव्हर एका एफ.एम. मनोऱ्याजवळ आहे, आणि त्या ठाण्याची १०० मेगाहर्ट्झची लहर कन्व्हर्टरचा सगळा पट्टा भरून टाकते. दूरच्या विमानाचा आवाज त्या लहरीपेक्षा ९५ डेसिबल खाली आहे. हा फरक ऐकायला भयंकर वाटतो, पण मनोरा शेजारी आणि विमान क्षितिजावर असले की तो पडतोच.

कन्व्हर्टर सेकंदाला १६ कोटी नमुने घेतो. म्हणजे ८० ते १६० मेगाहर्ट्झमधले सगळे त्याच्या आकड्यांत ० ते ८० मध्ये उलटे दुमडून दिसते. १०० मेगाहर्ट्झची लहर ६० वर दिसते आणि १२१.५ ची ३८.५ वर. यात गैर काही नाही, ही रूढ पद्धत आहे. पण इथे पुष्कळांची गल्लत होते. पडद्यावर लहर ६० मेगाहर्ट्झवर दिसते, म्हणून सूत्रात ६० घालतात. स्विचसमोरून धावणारी लहर १०० चीच होती, चढही तिचाच. सूत्रात १०० च घालायचे. त्याचप्रमाणे नमुने सावकाश घेतले तर थरथर कमी बाधेल, हाही गैरसमजच आहे. मेलगाडीची जागा तासातून एकदा टिपली म्हणून घड्याळाची चूक भरून निघत नाही.

आता परीक्षा. प्रथम शुद्ध ५ मेगाहर्ट्झचा सूर कन्व्हर्टरला द्यायचा, जवळजवळ पूर्ण पट्टा भरेल असा. समजा, ७४ डेसिबल आले. १४ बिटांच्या खऱ्याखुऱ्या कन्व्हर्टरकडून तेवढे मिळणे रास्त आहे. ८६ हा कागदावरचा आकडा, यंत्रात उष्णतेची खरखर असतेच. मग १०० मेगाहर्ट्झचा सूर द्यायचा. आता आले ६२. बारा डेसिबल, म्हणजे दोन बिट कुठे तरी गळाले.

ते थरथरीमुळेच गेले, हे कशावरून? याची एक सोपी आणि खात्रीची खूण आहे. सूर दहा डेसिबलने उतरवायचा. यंत्राची स्वतःची खरखर सिग्नलला विचारत नाही. सिग्नल दहाने उतरला की तिच्याशी असलेले गुणोत्तरही दहाने उतरते. थरथरीची खरखर मात्र सिग्नलच्या चढातून जन्मते, म्हणून ती सिग्नलबरोबर उतरते. आपल्या यंत्रात ५ मेगाहर्ट्झला गुणोत्तर ७४ वरून सरळ ६४ वर येईल. १०० मेगाहर्ट्झला ते ६२ वरून फक्त ६० वर येईल. असे दिसले, तर चोर क्लॉकच्या वाटेवर आहे असे समजावे.

पण शपथेवर सांगण्यापूर्वी सूर देणारा जनरेटर तपासायला हवा. त्याच्या सुरातही थरथर असते, आणि स्विचला ती कोणाची आहे हे कळत नाही. जनरेटरपुढे अरुंद फिल्टर लावल्याने सुरापासून दूरची खरखर जाते. अगदी लगतची राहते. याच्या उलट, एकाच जनरेटरवरून सूर आणि क्लॉक दोन्ही घेतले, तर दोघे एकदमच डुलतात, फरक दिसत नाही, आणि निकाल खोटा चांगला येतो. परीक्षेतली ही फसगत जास्त वाईट, कारण चांगल्या निकालाची कोणी फेरतपासणी करत नाही.

आता थरथर किती ते काढू. डेसिबलची सरळ वजाबाकी इथे चालत नाही. खरखरीच्या शक्तींची वजाबाकी करायची. सिग्नल १ धरला तर ६२ डेसिबलची खरखर एक कोटीत ६.३१ इतकी येते, आणि ७४ ची ०.४० इतकी. उरले ५.९१, ती थरथरीची. तिचे वर्गमूळ काढून 2πf ने भागले की १.२२ पिकोसेकंद येतात. कन्व्हर्टरच्या स्विचची स्वतःची थरथर त्याच्या माहितीपत्रकात दिलेली असते; ती ०.२ पिकोसेकंद धरू. या दोन्ही वर्गांनी मिळतात, म्हणून बाहेरच्या क्लॉकचा वाटा १.२ पिकोसेकंदांहून किंचित जास्त निघतो. म्हणजे जवळपास सगळा.

विमानाचे काय झालं म्हणता? खरखर ८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सारखी पसरली आहे असे धरू. बोलण्याची एक वाहिनी २५ किलोहर्ट्झची, पट्ट्याचा ३,२०० वा भाग. तिच्या वाट्याला ३५ डेसिबल कमी खरखर येते. ६२ अधिक ३५, म्हणजे एफ.एम. लहरीच्या ९७ डेसिबल खाली. विमान ९५ डेसिबल खाली आहे. ते खरखरीच्या फक्त दोन डेसिबल वर उरले. कोणीतरी बोलते आहे एवढे कळेल, काय बोलते ते कळणार नाही. रात्री त्या एफ.एम. ठाण्याची सभा संपली की तीच वाहिनी एकाएकी स्वच्छ होते. तिथे फक्त यंत्राची खरखर उरते, १०९ डेसिबल खाली, आणि विमान तिच्या १४ डेसिबल वर येते. शेजारचे ठाणे बंद होताच दुसऱ्याच लहरीवरचा आवाज उजळावा, ही या दुखण्याची ठळक खूण आहे. अर्थात हे एकट्या थरथरीमुळेच होते असे नाही. जबर सिग्नलने तोंडाशी असलेला अ‍ॅम्प्लिफायर गुदमरला तरी असे घडते. म्हणून वरची उतरवणीची परीक्षा करून मगच दोष द्यावा.

क्लॉकमध्ये थरथर शिरते कुठून? स्फटिकाचा चांगला ऑसिलेटर बहुधा निर्दोष असतो. घाण वाटेत लागते. पुढचे प्रत्येक गेट, दाब एका ठराविक उंबरठ्यावरून गेला की ठोका धरते. त्या उंबरठ्यावर समजा १०० मायक्रोव्होल्टची खरखर आहे. एक व्होल्ट उंचीची, १० मेगाहर्ट्झची मंद तरंगरेषा तिथे आली, तर ती उंबरठा इतक्या सावकाश ओलांडते की तेवढ्या खरखरीने क्षण १.६ पिकोसेकंदांनी हलतो. तीच रेषा १६० मेगाहर्ट्झची असेल, तर ती सोळापट चढी असते, आणि क्षण फक्त ०.१ पिकोसेकंदाने हलतो. पाहा, इथे चढ आपला मित्र झाला! सिग्नलमध्ये चढ वेळेच्या चुकीची दाबाची चूक करतो. क्लॉकमध्ये दाबाची चूक वेळेत उतरवताना तोच चढ तिला लहान करतो. म्हणून क्लॉकचा ठोका उंच आणि चढा ठेवायचा. जमल्यास तो वरच्या कंपनसंख्येवर तयार करून कन्व्हर्टरपाशीच भागून खाली आणायचा.

आपल्या उदाहरणातला क्लॉक, धरून चालू, एका प्रोग्रॅम करता येणाऱ्या लॉजिक चिपमधून फिरवून आणला होता. सोय म्हणून असे पुष्कळदा करतात. त्या चिपमध्ये हजारो गेटे एकाच वेळी उघडझाप करत असतात, त्यांच्या ओढीने विजेचा पुरवठा डुलतो आणि त्याबरोबर उंबरठेही डुलतात. उपाय असा: क्लॉक ऑसिलेटरवरून लहानशा ट्रान्सफॉर्मरमार्फत सरळ कन्व्हर्टरला द्यावा, त्याचा पुरवठा वेगळा ठेवावा, आणि लॉजिक चिपला हवा तर त्याची नक्कल द्यावी. क्लॉक ०.२५ पिकोसेकंदांवर आला असे धरा. कन्व्हर्टरच्या ०.२ शी वर्गांनी मिळून ०.३२ होतात. थरथरीचे गुणोत्तर ७४ च्या जवळ येते, यंत्राचे ७४ आहेच, दोन्ही मिळून ७१. वाहिनीतली खरखर १०६ डेसिबल खाली गेली. विमान ११ डेसिबल वर आले, आणि आता शब्द कळतात.

आणखी एक उपाय आहे, तोही प्रामाणिक आहे. कन्व्हर्टरच्या आधी फिल्टर लावून एफ.एम. चा पट्टाच दाबायचा. थरथरीची खरखर सिग्नलच्या प्रमाणात असल्यामुळे लहर ३० डेसिबलने दाबली, की तिने पसरलेली खरखरही तेवढीच दबते. विमानासाठी खास बनवलेल्या रिसीव्हरला हे परवडते. सगळेच एकाच यंत्रावर ऐकायचे असेल तर परवडत नाही.

खरखर सारखी पसरते असे वर धरले, ते नेहमी खरे नसते. पुरवठा ३०० किलोहर्ट्झने डुलत असेल, तर पडद्यावर मोठ्या लहरीच्या दोन्ही बाजूंना बरोबर ३०० किलोहर्ट्झवर दोन अणकुचीदार कोंब उगवलेले दिसतात. लहर वर-खाली सरकवली की तेही बरोबर सरकतात. ही खूण दिसली तर ऑसिलेटर बदलत बसू नये, पुरवठा पाहावा. आणि क्लॉक संथपणे डुलत असेल, तर लहरीचा पायथा दोन्हीकडे फुगलेला दिसतो. त्यावर जास्त नमुने घेऊन सरासरी काढण्याचा उपाय चालत नाही, कारण ती खरखर पट्टाभर पसरलेलीच नसते. शेजारच्या वाहिन्यांवरच ती बसलेली असते.

१९९९ साली रॉबर्ट वॉल्डेन यांनी त्या वेळेपर्यंतच्या कन्व्हर्टरांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. जलद कन्व्हर्टरांच्या मोठ्या गटाला नमुना घेण्याच्या क्षणातली अनिश्चितताच अडवून धरते, असे त्यांनी दाखवले. त्यानंतर क्लॉकही सुधारले आणि स्विचही. ०.१ पिकोसेकंद आज आवाक्यात आहे. पण त्या थरथरीवर १,००० मेगाहर्ट्झचा सिग्नल घेतला, तर सूत्र पुन्हा ६४ डेसिबलच देते. तेच ६४, जे एका पिकोसेकंदाने १०० मेगाहर्ट्झला दिले होते.